नाक्यावरून न जाणाऱ्या बायका

हुल्कारने मोजलेली गिऱ्हाइकं तिच्या बापाने खाल्ली.

झालं असं, की चिनारनाक्यावरच्या रिकाम्या गाळ्यात ती खिडकीशी स्टूल टाकून बसली होती. मांडीवर फुटाण्यांची पिशवी, समोर तीन वाडगे. रस्त्यावरून एक बाई गेली की एक फुटाणा वाडग्यात. सकाळचा वाडगा वेगळा, दुपारचा वेगळा, संध्याकाळचा वेगळा. कागदावर रेघा मारत बसलं तर मान खाली जाते आणि तेवढ्यात दोन बायका निसटतात, म्हणून ही युक्ती. समोरच्या चहाखान्यातून तिचे वडील, एर्गाश, लेक काय करते ते बघायला रस्ता ओलांडून आले, शेजारी टेकले, चार गोष्टी बोलले आणि बोलता बोलता मधला वाडगा रिकामा करून बसले.

"बाबा! ती अख्खी दुपार होती!"

"म्हणूनच पोट भरलं," एर्गाश म्हणाले आणि मिशीला लागलेली सालं झटकली.

हुल्कार हसली, पण उरलेले दोन वाडगे तिने लांब सरकवले. कारण हा पोरखेळ नव्हता. नवऱ्याने रशियात दुसरा संसार थाटला तेव्हा ती आठ वर्षांची लेक आणि शिलाई मशीन घेऊन रिश्तानच्या सासरहून कोकंदला, माहेरी परत आली. दोन वर्षं झाली. भावाच्या घरात एक खोली, भावाच्या ताटातला भात. कुणी टोचून बोललं नव्हतं, हे खरं. पण न टोचताही टोचतंच. शेवटी तिने लग्नातल्या बांगड्या आणि कानातले विकले. त्या पैशात एकदाच कापडाचं दुकान मांडता येणार होतं. बसलं तर बसलं, नाहीतर विकायला दुसरं सोनं नव्हतं आणि भावाच्या ताटातून उठायला दुसरी वाटही नव्हती.

हा गाळा शोधला थोरल्या भावाने, सोबिरअकाने. तो बाजार ते मोहल्ला अशी छोटी गाडी चालवायचा आणि कुठे गर्दी असते हे आपल्यापेक्षा कुणाला ठाऊक, अशी त्याची ठाम समजूत होती. मालकाला सहा महिन्यांचं भाडं आगाऊ हवं होतं, आणि तेही शुक्रवारपर्यंत. सोबिरअका शब्द देऊन मोकळा झाला होता.

"अगं, मोजायचंय काय त्यात?" तो म्हणायचा. "नाक्यावर औषधाचं दुकान, नानची भट्टी, शाळेची वाट, माझा गाडीचा थांबा. इथे तू दगड मांडलेस तरी खपतील."

"दगड घ्यायला कोण येतं ते बघतेय," हुल्कार म्हणायची.

ती चार दिवस बसली. साधे दोन दिवस, मोठ्या बाजाराचा रविवार, आणि एक दिवस मुद्दाम फक्त संध्याकाळ, कारण सकाळी बाहेर पडणारं माणूस घाईत असतं आणि खिशाला हात घालतं ते परतताना. फुटाणे भरपूर जमले. सोबिरअकाचं म्हणणं खोटं नव्हतं. पण त्या फुटाण्यांकडे बघून तिला जो आनंद व्हायला हवा होता तो काही होईना, आणि का होत नाही तेही कळेना.

मग ती शेजारच्या गाळ्यात गेली. तिथे सबोहतओपांचं, म्हणजे सबोहतताईंचं, तयार कपड्यांचं दुकान होतं. घरात घालायचे झगे, सपाता, मोजे, शाळेचे गणवेश. हुल्कारने गिऱ्हाइकाचं सोंग घेतलं. एक झगा उलटसुलट केला, शिवण पाहिली, भाव विचारला, तिसऱ्याच वस्तूचा भाव विचारला.

"शिवण चांगली आहे ना?" सबोहतओपा हिशोबयंत्रावरून मान न उचलता म्हणाल्या. "आणि पलीकडे खिडकीत चार दिवस बसून डोळे दुखले नाहीत का तुझे? ये, बस. चहा ओतते."

हुल्कार लाजेने लाल झाली. पण सबोहतओपा रागावल्या नव्हत्या. दिवसभर कुणाशी बोलायला मिळत नसलेलं माणूस रागवायला वेळ घालवत नाही.

"माझ्या दुकानात तीन प्रकारच्या बायका येतात," त्या म्हणाल्या. "एक बघणारी. एक भाव विचारून 'अगंबाई' म्हणणारी. आणि एक पाऊस आला म्हणून आत शिरलेली. तिसरी त्यातल्या त्यात बरी, मोजे तरी घेते."

"मग दुकान चालतं कसं?"

"ऑगस्टमध्ये गणवेश. थंडीत मोजे. बाकी वर्षभर मी आणि माश्या."

"पण ओपा, मोहल्ल्यात दर आठवड्याला लग्नं आहेत. व्याह्यांना द्यायचे कपडे, विहिणींचे झगे..."

"ते सगळं मोठ्या बाजारात. तिकडे कापडाच्या एका रांगेत साठ दुकानं. चार बायका गाडी करून जातात, साठही दुकानं पालथी घालतात, प्रत्येकाशी भांडतात, आणि पहिल्याच दुकानातून घेऊन येतात. मी एकटी. माझ्याशी भांडून कुणाचं समाधान होणार?" त्यांनी पेला पुढे सरकवला. "नाक्यावरून जाते ती सासू. सासूच्या हातात पैसा असतो, पण तिला नवं घालायची हौस उरलेली नसते. मला हौस असलेली गिऱ्हाइकं हवीत. ती कुठे आहेत, तेच कळत नाही."

हुल्कार परत गाळ्यात आली आणि वाडग्यांकडे बघत राहिली. सगळे फुटाणे सारखे दिसत होते. तिने बायका मोजल्या होत्या. कुठल्या बायका, ते मोजलंच नव्हतं. डोळे मिटून तिने चार दिवसांचे चेहरे आठवून बघितले. म्हाताऱ्या, पन्नाशीच्या, शाळेच्या पोरी, शिक्षिका. काही तरी कमी होतं. बराच वेळ विचार करूनही काय ते सापडलं नाही.

ते सापडलं दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि आपल्या पायांनी चालत घराच्या दारात आलं. शेजारच्या गल्लीतली नसीबा, मस्तुराखालांची धाकटी सून, कडेवर पोर आणि काखेत टोप्यांचं गाठोडं घेऊन आली. मोहल्ल्यातल्या सुना घरबसल्या टोप्यांवर रेशमाचं भरतकाम करायच्या. व्यापारी दर आठवड्याला येऊन नगावर पैसे मोजून टोप्या घेऊन जायचा. कडेची पट्टी मशीनवर मारायला नसीबा हुल्कारकडे यायची.

"परवा पोराला ताप होता," ती बोलता बोलता म्हणाली. "दोनदा औषधाच्या दुकानात जाऊन आले. संध्याकाळी परत नानसाठी."

हुल्कारचा पाय मशीनवर थांबला.

"परवा? परवाचा अख्खा दिवस मी नाक्यावर होते, नसीबा. मांजर गेलं तरी मला दिसलंय. तू काही गेली नाहीस."

नसीबा हसायला लागली. तोंडावर रुमालाचं टोक धरून, खांदे हलवत.

"मी नाक्यावरून कशाला जाईन, ओपा?"

"मग औषधाच्या दुकानात उडत गेलीस?"

"पाटाच्या गल्लीतून. मागच्या दाराने." मग हुल्कारचा चेहरा बघून तिने आवाज उतरवला. "नाक्यावर चहाखान्याची ती मोठी लाकडी बाज आहे ना. सगळे बुजुर्ग बसलेले असतात. तुमचे बाबा, माझे सासरे, इमामसाहेब. मोहल्ल्यातल्या सुनेने पुढून जायचं म्हणजे एकेकाला वाकून सलाम. जाताना एकदा, येताना एकदा. कडेवर हे, हातात नान. आणि वर घरी आल्यावर, तुझा रुमाल मागे सरकला होता म्हणे. एका रिळासाठी कोण एवढं करील? कुठलीच सून त्या रस्त्याने जात नाही."

"मला कसं कधी दिसलं नाही हे?"

"तुम्ही इथल्या लेकी, ओपा," नसीबा सहज म्हणाली. "तुमच्यासाठी तो रस्ताच आहे."

तिला त्यात काही लागेल असं म्हणायचं नव्हतं. पण हुल्कारला ते जिव्हारी लागलं. कारण रिश्तानला ती स्वतः सूनच होती. तिथेही चौकात म्हातारे बसायचे, तिथेही ती शाळेच्या मागून, कुंभारांच्या भट्ट्यांच्या कडेने दूध आणायला जायची. नऊ वर्षं ती तशीच गेली. माहेरच्या मातीला पाय लागले आणि ते पाय सगळं विसरले. लहानपणी जिथे ती दोरीवरच्या उड्या मारायची त्याच नाक्यावर ती आता फुटाणे घेऊन बसली आणि अर्धा मोहल्ला तिच्या पाठीमागून जात राहिला.

त्या दुपारी ती फुटाणे न घेता पाटाच्या गल्लीत गेली. जेवणं झाली की सासवा आडव्या होतात, आणि पुरुष परतायला अजून अवकाश असतो. ती वेळ नसीबानेच सांगितली. गल्ली अरुंद, एका बाजूने पाटाचं वाहतं पाणी, दुसऱ्या बाजूने घरांच्या मागच्या मातीच्या भिंती, वर तुतीची झाडं. पहिल्या घटकेतच हुल्कारने मोजणं सोडून दिलं. सुना एकट्या, सुना दोघी-दोघी, सुना ढकलगाडी घेऊन. नाक्यावर ज्या वयाची एकही बाई दिसली नव्हती त्या वयाच्या सगळ्या इथे होत्या. आणि नाक्यावर बायका जात होत्या, इथे त्या थांबत होत्या. कुणी पाटात पाय सोडून बसलं, कुणी पोराला पाजलं, कुणी रुमाल सोडून केस परत बांधले. मोठमोठ्याने हसणं चाललं होतं. मोहल्ल्याच्या कुठल्याही अंगणात सुनेचं एवढं मोठं हसणं हुल्कारने ऐकलं नव्हतं.

पण थांबतात म्हणजे विकत घेतात असं नाही, एवढं चार दिवसांत तिला कळलं होतं. ती नसीबाच्या शेजारी टेकली.

"खरं सांग. यांच्याजवळ पैसे असतात?"

"नवऱ्याचे? ते रशियातून येतात ते थेट सासूच्या हातात. त्यातून लग्न, छप्पर, गाय. आपल्याला त्यांचा वास पण येत नाही." नसीबाने पाटातलं पाणी पायाने उडवलं. "टोप्यांचे असतात. ते आपले. थोडे असतात, पण विचारावं लागत नाही."

"त्यात झग्याचं कापड बसेल?"

"कापड?" नसीबाला हसू आवरेना. "ओपा, कापड कुणाला हवंय? माझ्या पेटीत सव्वीस कापडं पडलीत. लग्नात आलेली, बारशाला आलेली, नणंदेच्या लग्नात विहिणीने दिलेली. एक शिवलेलं नाही. शिवणाऱ्या बायका लग्नाच्या कामात, एका साध्या झग्याला महिनामहिना रखडवतात. बाळ झाल्यावर अंगाला बसेल असं माझ्याकडे काही नाही. मी सासूबाईंचा जुना झगा घालते. हा बघा."

हुल्कारने तो बघितला. मग आजूबाजूच्या सगळ्याच जणींच्या अंगावर बघितलं, आणि शिंपिणीच्या नजरेला जे पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं ते आता दिसलं. कुणाचा झगा खांद्यावरून ओघळलेला, कुणाचा काखेत फाटून टाचलेला. पेट्या भरलेल्या आणि खिसे लहान, असा हा मोहल्ला होता. इथे कापडाचे गठ्ठे मांडले असते तर ते तिथेच पिवळे पडले असते. हवी होती ती शिलाई, लवकर आणि टोप्यांच्या पैशात बसेल अशी. आणि थोडी लेस, थोडी बटणं, हौसेला. तिने मनाशी हिशोब मांडला. मालात पैसा अडकवायचा नाही म्हटल्यावर बांगड्यांतले अर्धे पैसे हातातच राहत होते.

जागा समोरच होती. मस्तुराखालांच्या अंगणाच्या मागे कोठाराची एक खोली होती, तिची भिंत पाटाच्या गल्लीला लागून. हुल्कार तशीच पुढच्या दाराने गेली. मस्तुराखाला म्हणजे मोहल्ल्यातली खमकी बाई. त्या बोलायला लागल्या की कोंबड्याही गप्प बसायच्या.

"कोठार? दुकानाला?" खालांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. "गल्लीच्या बाजूला दार पाडणार? कोण जातं गं तिथून? पाटाचं पाणी आणि कुत्री."

खरं सांगावं तर सगळ्या सुनांची वाट उघडी पडते, आणि खालांची सून तर पाटात पाय सोडून बसलेली होती. खोटं बोलावं तर पाहुणी म्हणून समोर ठेवलेला नान गिळणार कसा?

"मला शांत जागा हवी होती, खाला. मशीनचा आवाज होतो."

"हो का." खालांनी नानचा तुकडा मोडून तिच्या हातात दिला. "मी या घरात आले तेव्हा ती गल्ली याहून अरुंद होती. पाटावर फळी नव्हती. सात महिन्यांची पोटुशी असताना मी उडी मारून जायची. फळी नंतर मीच टाकली." त्यांनी अगदी शांतपणे चहा ओतला. "माझी सून तिथे बसून काय काय बोलते ते मला भिंतीतून ऐकू येतं. बरंचसं माझ्याबद्दल असतं. मी दुपारी झोपते असं तिला वाटतं."

हुल्कारला हसावं की पळावं कळेना.

"दार पाड. भाडं महिन्याच्या महिन्याला दे, आगाऊ नको. पण पाटी लावायची नाही. ज्या दिवशी पाटी लागेल त्या दिवशी मोहल्ल्यातल्या सगळ्या सासवांना ती गल्ली दिसेल, आणि मग तिथे खरंच कुत्री तेवढी उरतील. समजलं?"

"समजलं, खाला."

"आणि नसीबाचा तो झगा," खाला म्हणाल्या, "आधी तो बदल. माझाच आहे, मला बघवत नाही."

घरी मात्र वादळ उठलं. सोबिरअका जेवता जेवता उठून उभा राहिला.

"म्हणजे मी मालकाला तोंड कसं दाखवू? शब्द दिलाय मी! आणि हिला काय हवंय, तर मागच्या गल्लीतलं कोठार! पाटी नाही, रस्ता नाही! हुल्कार, बांगड्या परत येणार नाहीत गं. तुझ्या काळजीने बोलतोय मी."

"अका, माहितीय मला," हुल्कार म्हणाली. तिला ते खरंच माहीत होतं. भावाचा राग तिला कधी झोंबत नसे, कारण त्याच्या तळाशी काय असतं ते ती ओळखून होती. "पण माझी गिऱ्हाइकं नाक्यावरून जातच नाहीत."

"का? नाक्यावर काय वाघ बसलाय?"

हुल्कारने भावाचा पेला चहाने भरला. पण एर्गाशनी हातातला चमचा खाली ठेवला होता.

"सांग," ते म्हणाले. "कोण बसलंय?"

मग तिला सांगावंच लागलं. शक्य तितकं सौम्य करून तिने सांगितलं. सलामाचं, रुमालाचं, कडेवरच्या पोरांचं. एर्गाश ऐकत राहिले. त्यांनी उरलेलं जेवण जेवलं नाही. तो माणूस जन्मात कुणा सुनेला वेडावाकडा शब्द बोलला नव्हता. उलट एखादी दिसली तर ते आशीर्वाद द्यायचे, खिशातली खडीसाखर तिच्या पोराच्या हातावर ठेवायचे. वीस वर्षं ते तिथे बसले आणि त्यांना वाटलं, आपण बसलोय म्हणून नाक्याला शोभा आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते धापा टाकत, पण चेहरा उजळलेला, असे घरात आले.

"झालं काम! बाज हलवली. आम्ही सहा म्हाताऱ्यांनी उचलली, कमरा मोडल्या, पण आत अंगणात नेऊन ठेवली, भिंतीपलीकडे. इमामसाहेब कुरकुरले, तिथे वारा लागत नाही म्हणून. मी म्हटलं, आपल्या वाऱ्यासाठी पोरींनी चिखल तुडवायचा का? आता रस्ता मोकळा. जा, तुझा नाक्यावरचा गाळा घे."

सोबिरअकाने तर टाळीच वाजवली. "बाबा, तुम्ही तर राजा माणूस! बघ, हुल्कार, सगळं जुळलं. शब्द पण राहिला."

सगळं खरंच जुळलं होतं. मोठा रस्ता, मोठी गर्दी, वर ज्या नव्हत्या त्या गिऱ्हाइकांचीही भर, दाराला पाटी. हुल्कारने बापाचे हात हातात घेतले. लाकडाने सोललेले होते. असं माणूस तिला रिश्तानला कुणी भेटलं नव्हतं.

ती धावतच पाटाच्या गल्लीत गेली. नसीबा आणि आणखी तिघी-चौघी बसल्या होत्या.

"आता पाटातून कसरत नको!" हुल्कार म्हणाली. "बाज हलली. उद्यापासून सरळ नाक्यावरून जा."

तिला वाटलं होतं त्या उड्या मारतील. एकीने पाण्यातून पाय काढून सपातेत घातले.

"म्हणजे आता इथून यायला कारण नाही," दुसरी हळूच म्हणाली.

"पण बरंच झालं ना? सरळ रस्ता..."

"सरळ गेलं तर पाच मिनिटांत घरी पोचते, ओपा," नसीबा म्हणाली.

बस, एवढंच. हुल्कार तिथेच तुतीखाली बसली. नऊ वर्षं ती रिश्तानला भट्ट्यांच्या कडेने फिरून गेली होती आणि प्रत्येक पावलाला सासरला शिव्या घालत होती. पण त्या घराचा विचार आला की आजही तिला पहिल्यांदा आठवायची ती कुंभाराच्या भिंतीजवळची जागा, जिथे ती दुधाची किटली खाली ठेवून थोडा वेळ नुसती उभी राहायची. कुणी हाक मारत नसे. अख्ख्या दिवसात तेवढीच ती तिची असायची. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं काही घडतच नसे तिथे.

रडू आलं ते तिने आवरलं नाही. सुनांनीही आवर म्हटलं नाही, नुसती सरकून जागा दिली.

बापाला काय सांगायचं हा प्रश्न होता. बाज हलवायला सहा म्हाताऱ्यांच्या कमरा खर्ची पडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी ती चहाखान्यात गेली तेव्हा एर्गाश आतल्या अंगणात, उकाड्यात, टोपीने वारा घेत बसले होते. तोंडावर मात्र पुण्य केल्याचं समाधान होतं. ती बाजेच्या कडेवर टेकली.

"बाबा, बाज परत बाहेर न्या."

"काय?"

"होती तिथे न्या. रस्त्याच्या तोंडाशी. आणि रोज बसा."

एर्गाश गोंधळून तिच्याकडे बघत राहिले. "अगं, पण त्यांना त्रास होतो म्हणालीस ना?"

"होतो. सलामाचा होतो. फिरून जाण्याचा नाही." तिने शब्द शोधले. "तुम्ही बसता, म्हणून त्यांना फिरून जावं लागतं. आणि फिरून जावं लागतं, म्हणून सासूला विचारायला कारण उरत नाही, उशीर का झाला. तुम्ही हललात तर तो उशीर जाईल त्यांचा. दिवसातला तेवढाच वेळ त्यांचा असतो, बाबा. मी माझं दुकान तिथे मांडतेय. नाक्यावर मांडलं तर त्या येतील, घेतील, आणि धावत घरी जातील."

एर्गाश टोपी गुडघ्यावर फिरवत राहिले. हुल्कारला वाटलं, रागावले. मग ते भलतंच बोलले.

"तुझी आई नान आणायला जायची ना. नवीन लग्न झालं होतं तेव्हा. भट्टी अशी इथे, घर असं तिथे. आणि बाई अर्धा तास लावायची. नान घरी पोचायचा तो थंडगार. रोज. मी म्हणायचो, वाटेत झोपतेस का? कधी कधी फार ओरडायचो." त्यांनी टोपी थांबवली. "तेव्हा या बाजेवर माझा बाप बसायचा."

हुल्कारने त्यांच्या हातावर हात ठेवला.

"तिने कधी सांगितलं नाही," एर्गाश म्हणाले. "चाळीस वर्षांत एकदा तरी सांगायचं. मी थंड नान खाल्ला असता की."

मग त्यांनी डोळे पुसले, उठले आणि बाकीच्या म्हाताऱ्यांना हाक मारली. इमामसाहेबांनी विचारलं, काल आत, आज बाहेर, हा काय चळ आहे? एर्गाश म्हणाले, आत वारा लागत नाही. कुरकुरत, थांबत, एकमेकांना शिव्या देत सहा जणांनी बाज पुन्हा चिनाराखाली आणून ठेवली. एर्गाशनी ती आणखी हातभर पुढे ओढायला लावली, पार रस्त्याच्या कडेपर्यंत. मग ते सगळ्यात पुढच्या कोपऱ्यात, लांबून कुणालाही दिसतील असे, ताठ बसले आणि चहावाल्याला मोठ्याने हाक मारली.